एच-1बी मुदतवाढीसाठी कंपनीचं पत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एच-1बीवर काम करणाऱ्यांची पहिली तीन वर्षं संपत आली की एच.आर.कडून किंवा कंपनीच्या वकिलाकडून ईमेल येतो: ‘सपोर्ट लेटरचा मसुदा जोडला आहे, तपासून कळवा.’ बरेच जण नावाचं स्पेलिंग आणि पासपोर्ट नंबर बघून ‘ठीक आहे’ असं उत्तर देतात. पत्रातला खरा महत्त्वाचा भाग न वाचताच सुटतो. तो भाग कोणता आणि तो कसा वाचायचा, एवढ्यापुरतंच हे पान आहे. तुमच्या प्रकरणात काही वेगळं असेल, तर अखेरचा सल्ला वकिलाचाच घ्या.

अर्ज माझा, मग पत्र कंपनीचं कशाला?

कारण अर्ज तुमचा नसतो. एच-1बीची मुदतवाढ कंपनी मागते. आय-129 हा फॉर्म कंपनी भरते, सही कंपनीची असते, आणि तुम्ही त्या अर्जाचे लाभार्थी असता. फॉर्ममध्ये रकाने आहेत, पण हे काम काय आहे, त्याला पदवी का लागते, तीन वर्षांत काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे सलग सांगायला जागा नाही. ते काम हे पत्र करतं.

पत्र स्वतः मात्र पुरावा म्हणून फार वजनदार नसतं. कंपनीने कंपनीबद्दलच लिहिलेला तो कागद आहे. त्याला वजन येतं ते सोबतच्या कागदांशी जुळल्यामुळे: पद, पगार आणि कामाची जागा नोंदवणारा, श्रम खात्याने प्रमाणित केलेला कंपनीचा अर्ज म्हणजे एलसीए, पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-2, पदवीची प्रमाणपत्रं आणि आधीच्या मंजुरीची आय-797 नोटीस. अधिकारी पत्रातलं एकेक वाक्य घेऊन ते या कागदांत शोधतो. म्हणून मसुदा तपासताना शेजारी हे सगळे कागद उघडे ठेवावेत.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

घेऊ, आणि तेच पुढेही वापरू. समजा, सांगलीत सिव्हिलची बी.ई. केलेली, मग अमेरिकेत स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एम.एस. केलेली एक इंजिनिअर आहे. ओहायोतल्या कोलंबसमध्ये पुलांचं डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत ती नोकरी करते. तिचा एच-1बी 1 ऑक्टोबर 2023 ते 30 सप्टेंबर 2026 असा आहे. सुरुवातीचा पगार वर्षाला 78,000 डॉलर होता, आता 91,500 आहे. मधल्या काळात पदाचं नाव ‘ब्रिज डिझाइन इंजिनिअर’वरून ‘प्रोजेक्ट इंजिनिअर’ झालं. कंपनीला 30 सप्टेंबर 2029 पर्यंत मुदतवाढ हवी आहे.

माणूस आणि कंपनी दोन्ही कल्पित आहेत, पण अशी प्रकरणं नेहमी दिसतात: नोकरी तीच, पगार वाढलेला, पदाचं नाव बदललेलं.

कामाचं वर्णन कसं असावं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एच-1बी ‘स्पेशालिटी ऑक्युपेशन’साठी असतो, म्हणजे ज्या कामाला विशिष्ट विषयातली किमान बॅचलर पदवी लागते अशा कामासाठी. 17 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या नियमांत ही व्याख्या आणखी स्पष्ट केली आहे. पदवीचा विषय आणि प्रत्यक्ष काम यांच्यात तर्कसंगत संबंध दिसला पाहिजे. एकापेक्षा जास्त विषयांच्या पदव्या चालत असतील तर त्यातल्या प्रत्येकीचा कामाशी संबंध दाखवावा लागतो. ‘कोणतीही इंजिनिअरिंग पदवी चालेल’ असं वाक्य पत्रात राहिलं असेल तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, कारण त्यातून कामाला विशिष्ट ज्ञान लागत नाही असाच अर्थ निघतो.

कमकुवत वर्णन असं असतं: ‘विविध प्रकल्पांवर काम करणे, टीमशी समन्वय साधणे, दर्जा राखणे.’ हे कोणत्याही नोकरीला लागू पडेल. आपल्या इंजिनिअरच्या पत्रात हेच असं लिहिता येतं: साधारण 40 टक्के वेळ पुलाच्या गर्डरवर आणि खांबांवर येणाऱ्या भाराचं विश्लेषण, 25 टक्के वेळ जुन्या पुलांची भारक्षमता ठरवणं, 20 टक्के वेळ नकाशे आणि तपशील-पत्रकं तपासणं, 15 टक्के वेळ बांधकामाच्या जागी उद्भवलेल्या तांत्रिक प्रश्नांना उत्तरं देणं. मग प्रत्येक कामाखाली एक-दोन वाक्यांत त्याला कोणतं शिक्षण लागतं ते येतं. भारक्षमता ठरवायला स्ट्रक्चरल विश्लेषण आणि पोलादी-काँक्रीट रचनांचे अभ्यासक्रम शिकलेले असावे लागतात, असं. टक्के तंतोतंत असण्याची गरज नाही, पण ते खरे असावेत. उद्या अधिकारी ऑफिसला भेट द्यायला आला, तर तो तुम्हालाच विचारतो, ‘तुम्ही दिवसभर काय करता?’

म्हणूनच एच.आर.ने ‘तुमच्या कामाचे मुद्दे लिहून द्या’ म्हटलं तर टाळाटाळ करू नका. तुम्ही मुद्दे द्यावेत, मॅनेजरने ते तपासावेत, वकिलाने रचावेत, हीच योग्य वाट आहे. तुमचं काम तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

तीन वर्षांपूर्वीच्या पत्रातला मजकूर जसाच्या तसा घेतला तर चालेल का?

काम खरंच तेच असेल तर बराचसा घ्यावा, आणि त्यामागे एक ठोस कारण आहे. पक्ष तेच आणि मूळ परिस्थिती तीच असेल, तर आधीच्या मंजुरीचा मान राखायचा हे धोरण 2004 पासून होतं. 2017 मध्ये ते काढून टाकलं गेलं, 2021 मध्ये परत आलं, आणि 2025 च्या नियमांनी ते थेट नियमावलीत घातलं. आधीच्या निर्णयात ठळक चूक असेल, परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाला असेल किंवा नवी महत्त्वाची माहिती पुढे आली असेल, तरच अधिकाऱ्याने वेगळा निर्णय घ्यायचा. तेव्हा ‘काम तेच, मालक तोच, ठिकाण तेच, आधीची मंजुरी अमुक क्रमांकाची’ हे सांगणारा एक स्पष्ट परिच्छेद पत्राच्या सुरुवातीलाच हवा.

पण नुसतं ‘काहीही बदललेलं नाही’ लिहून स्लिपांवर पदाचं नाव वेगळं निघालं, तर ते वाक्यच अंगाशी येतं. बदल झाला असेल तर तो आपणहून सांगावा आणि तो महत्त्वाचा का नाही, हेही तिथेच लिहावं.

बढती झाली आहे. मग तो ‘महत्त्वाचा बदल’ ठरतो का?

पदाच्या नावावरून ते ठरत नाही, कामाच्या प्रकारावरून ठरतं. आपली इंजिनिअर ‘प्रोजेक्ट इंजिनिअर’ झाली, पण अजूनही पुलांचं विश्लेषणच करते. जोडीला दोन नव्या इंजिनिअरांचं काम तपासते. तिचा व्यवसाय-संकेतांक पूर्वी 17-2051 म्हणजे सिव्हिल इंजिनिअर होता, आताही तोच बसतो. अशा वेळी पत्रात लिहावं की पदाचं नाव अमुक तारखेपासून बदललं, ही त्याच व्यवसायातली अनुभवानुसार झालेली नेहमीची वाढ आहे, मूळ कामं कायम आहेत, आणि तपासणीच्या कामात साधारण इतका वेळ जातो.

तीच इंजिनिअर उद्या संपूर्ण विभागाची व्यवस्थापक झाली, अंदाजपत्रकं आणि माणसांच्या नेमणुका बघू लागली, डिझाइन हातातून गेलं, तर संकेतांक 11-9041 म्हणजे इंजिनिअरिंग व्यवस्थापकाकडे सरकतो. हा खरा बदल आहे. त्यासाठी नवा एलसीए आणि सुधारित अर्ज लागतो, आणि तो बदल लागू होण्याआधी करायचा असतो, मुदतवाढीची वाट पाहत ठेवायचा नसतो.

ठिकाणाचंही असंच आहे. कामाची जागा एलसीएमध्ये दाखवलेल्या महानगर क्षेत्राबाहेर गेली तर सुधारित अर्ज आधीच करावा लागतो. 2015 च्या सिमिओ निर्णयापासून हे पक्कं आहे. तुम्ही आठवड्यातले तीन दिवस घरून काम करत असाल तर घराचा पत्ताही कामाची जागाच ठरतो. तो एलसीएमध्ये आणि पत्रात येऊ द्या.

पगाराचा आकडा कोणता लिहायचा? बोनस धरायचा का?

हमी असलेला मूळ पगार लिहावा. बोनस, शेअर, ओव्हरटाइम यांचा उल्लेख ‘शिवाय मिळू शकतं’ असा वेगळ्या वाक्यात करावा. कायद्याची अट अशी आहे की त्या व्यवसायाचा त्या भागातला प्रचलित पगार आणि कंपनी तशाच कामासाठी तशाच पात्रतेच्या इतरांना प्रत्यक्ष देते तो पगार, या दोहोंतला जास्त असेल तो द्यावा लागतो. बोनस मिळवल्यावरच ती रेषा ओलांडली जात असेल आणि बोनसची हमी नसेल, तर प्रकरण लंगडं आहे. त्यावर उपाय पत्रात नाही, पगारात आहे.

प्रचलित पगाराच्या चार पातळ्या असतात. नवख्याची पहिली, पूर्ण जबाबदारीने स्वतंत्र काम करणाऱ्याची चौथी. इथे पत्र आणि एलसीए एकमेकांशी भांडताना फार वेळा दिसतात. पत्रात कौतुकाच्या भरात ‘त्या अत्यंत गुंतागुंतीचे निर्णय स्वतंत्रपणे घेतात आणि टीमचं नेतृत्व करतात’ असं लिहिलेलं असतं, आणि एलसीए पहिल्या पातळीचा असतो. अधिकारी विचारतोच: काम एवढं मोठं असेल तर पातळी नवख्याची कशी? 2023 मध्ये पहिल्या पातळीवर असलेली आपली इंजिनिअर 2026 मध्ये दुसऱ्यांचं काम तपासत असेल, तर नव्या एलसीएची पातळी वर जायला हवी आणि 91,500 डॉलर त्या पातळीला पुरतात का, हे अर्जाआधीच बघायला हवं. प्रचलित पगाराचे आकडे दरवर्षी 1 जुलैला बदलतात, म्हणून एलसीए एप्रिलमध्ये केला की ऑगस्टमध्ये, यावर कोणता आकडा लागू होणार ते अवलंबून असतं.

मग स्लिपांशी मेळ. दर दोन आठवड्यांनी पगार होत असेल तर वर्षाला 26 हप्ते होतात. 91,500 भागिले 26 म्हणजे 3,519.23 डॉलर. स्लिपवरची ढोबळ रक्कम हीच असली पाहिजे. ती 3,300 निघाली तर पत्रातला आकडा तरी चुकलाय किंवा पगारवाढ अजून लागू झालेली नाही.

डब्ल्यू-2 वरचा आकडा पत्रातल्या पगारापेक्षा कमी आहे. घाबरायचं का?

बहुतेक वेळा नाही. डब्ल्यू-2 च्या पहिल्या रकान्यात करपात्र वेतन असतं. 401-के मध्ये टाकलेले पैसे आणि आरोग्यविम्याचा करपूर्व हप्ता त्यातून वजा झालेला असतो. वर्षाच्या मध्यात पगार वाढला असेल किंवा रुजूच ऑक्टोबरमध्ये झाला असाल, तर आकडा आणखी कमी दिसतो. पत्रात दोन वाक्यांचा हिशेब द्यावा आणि वर्षातली शेवटची स्लिप जोडावी, कारण तिच्यावर वर्षाची ढोबळ बेरीज असते.

बाळंतपणाची बिनपगारी रजा घेतली असेल किंवा घरच्या आजारपणामुळे भारतात दोन महिने गेला असाल, तर तेही रजेच्या मंजुरीसकट लिहावं. मागितलेली रजा नियमात बसते. कंपनीकडे काम नव्हतं म्हणून पगार थांबवला असेल तर ते मात्र बसत नाही. काम नसलं तरी पगार देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि असा खंड कोणत्याही शब्दांनी झाकता येत नाही. तो दिसला तर पत्राच्या मसुद्यावर वेळ न घालवता आधी वकिलाशी बोला.

‘यांची गरज अजून आहे’ हे कसं लिहायचं? अमेरिकन माणूस मिळत नाही असं सिद्ध करावं लागतं का?

मोजके अपवाद सोडले तर एच-1बीला तसं करावं लागत नाही. स्थानिक उमेदवार शोधल्याची चाचणी ग्रीन कार्डच्या पर्म टप्प्यात येते. दोन्ही टप्पे डोक्यात एकत्र झाले की पत्रात ‘असा माणूस साऱ्या देशात मिळणार नाही’ अशी वाक्यं घुसतात. ती मागितलेली नसतात आणि त्यांना पुरावाही नसतो.

मागितलेलं असतं ते वेगळंच: मुदतवाढ सुरू होईल त्या दिवशी ही जागा खरोखर अस्तित्वात असेल, ती अंदाजावर टांगलेली नसेल. म्हणजे गरज कामाची दाखवायची आहे. आपल्या कंपनीच्या पत्रात तो परिच्छेद, जाणारा इंग्रजीत पण मतलब असा:

‘आमच्या पूल विभागाकडे सध्या करार झालेली कामं आहेत आणि त्यातल्या दोन कामांचं डिझाइन 2028 पर्यंत चालणार आहे. या इंजिनिअर त्या दोन्ही कामांवर नेमलेल्या आहेत. ही पूर्णवेळ जागा असून आम्ही ती 30 सप्टेंबर 2029 पर्यंत याच अटींवर चालू ठेवू इच्छितो.’

याला करारांची पहिली पानं किंवा कामांचं वेळापत्रक जोडता येतं. करार 2028 ला संपत असताना 2029 पर्यंतची मागणी का, असा प्रश्न आला तर विभागाकडे अशी कामं सातत्याने येतात हे आधीच्या वर्षांच्या कामांवरून दाखवावं. रोजचं काम तीन वर्षं आधी नेमून दाखवा, असं कुणी म्हणत नाही.

गुणगान थोडकंच बरं. ‘त्यांच्याशिवाय कंपनी चालणार नाही’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी त्यांनी हाताळलेलं एक काम नेमकेपणाने सांगितलं तर जागाही खरी दिसते आणि माणूसही.

आणि भारतात परतण्याची हमी देणारं वाक्य? तेही नको. एच-1बी असताना ग्रीन कार्डची इच्छा धरायला कायद्याची मुभा आहे.

मी पुण्याच्या आयटी कंपनीच्या अमेरिकन शाखेचा कर्मचारी आहे, पण बसतो क्लायंटकडे. माझ्या पत्रात वेगळं काय लागेल?

कंपनीचं पत्र एकटं पुरत नाही. तुम्हाला क्लायंटच्या टीममध्ये माणूस म्हणून पुरवलं असेल, तर पदवीची गरज ठरवताना क्लायंटची अपेक्षा काय आहे ते बघितलं जातं. 2025 चे नियम हे स्पष्ट सांगतात, आणि प्रत्यक्ष काम असल्याचे करार मागवण्याचा अधिकारही देतात. म्हणून शक्य असेल तर क्लायंटचं पत्र घ्यावं: तुम्ही कुठे बसता, काय करता, त्या कामाला कोणती पदवी लागते, काम साधारण कधीपर्यंत चालेल. पुष्कळ मोठे क्लायंट असं पत्र देत नाहीत. मग करार, कामाचे आदेश, तुमच्या नावाचे बॅज आणि ईमेल, मंजूर टाइमशीट यांवर भागवावं लागतं, आणि क्लायंट पत्र देत नाही हे कंपनीने आपल्या पत्रात सरळ लिहावं.

दोन्ही पत्रं असतील तर ती शेजारी ठेवून वाचा. कंपनी म्हणते ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ आणि क्लायंट म्हणतो ‘क्यू.ए. अ‍ॅनालिस्ट’, या एवढ्याशा फरकावर प्रश्नांची नोटीस येऊ शकते.

पत्र कधी तयार हवं?

अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. 30 सप्टेंबर 2026 ची मुदत असेल तर एप्रिलच्या सुरुवातीपासून. त्याआधी एलसीए लागतो आणि श्रम खातं त्याला सात कामाचे दिवस घेतं. म्हणून मसुद्याचं काम फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू झालेलं बरं. प्रीमियम प्रोसेसिंगची जादा फी भरली तर 15 कामाच्या दिवसांत काहीतरी उत्तर येतं, मंजुरी, नकार किंवा प्रश्न.

अर्ज मुदतीत गेला पण निकाल लागला नाही, तर त्याच कंपनीत 240 दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. आपल्या उदाहरणात हे 2027 च्या मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत जातं. मुदत संपल्यावर अर्ज केला तर ही सवलत नाही.

सहा वर्षं संपत आली असतील तर पत्रात काय बदलतं?

एच-1बीच्या नेहमीच्या कमाल सहा वर्षांपुढची मागणी कशाच्या आधारावर आहे ते लिहावं लागतं. आय-140, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर आहे पण भारताच्या रांगेमुळे व्हिसा क्रमांक मिळत नाही, असं असेल तर तीन वर्षांची वाढ मागता येते. पर्म किंवा आय-140 चा अर्ज दाखल होऊन 365 दिवस होऊन गेले असतील तर एका वर्षाची. देशाबाहेर घालवलेले पूर्ण दिवसही परत मागता येतात, पण त्याची तारीखवार यादी आणि पासपोर्टचे शिक्के जोडावे लागतात.

एक लाख डॉलरची फी मुदतवाढीलाही लागते का?

सप्टेंबर 2025 च्या घोषणेनंतर हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशन खात्याने सांगितलं की अमेरिकेत वैध स्थितीत राहून मागितलेली आणि मंजूर झालेली मुदतवाढ त्यात येत नाही. अर्जाच्या वेळी तुमची स्थिती वैध नसेल तर मात्र ती लागू शकते. म्हणून पत्रात तुम्ही अमेरिकेतच आहात आणि सलग वैध नोकरीत आहात हे स्पष्ट लिहिलेलं असावं. अर्ज प्रलंबित असताना बाहेर जायचं असेल तर आधी वकिलाला विचारा.

प्रश्नांची नोटीस आली. नवं पत्र द्यायचं की जुनंच पुन्हा?

नवं, आणि फक्त विचारलेल्या प्रश्नापुरतं. नोटिशीत दिलेली मुदत कमाल 84 दिवस असते आणि ती वाढवून मिळत नाही. उत्तर एकदाच द्यायचं असतं, हप्त्याहप्त्याने नाही. कामाच्या वर्णनावर शंका असेल तर वर्णन आणखी बारकाईने द्यावं, पण पहिल्या पत्रातलं काम बदलू नये. पहिल्यात 40 टक्के विश्लेषण होतं आणि दुसऱ्यात 70 झालं, तर दोन्ही पत्रांवरचा विश्वास उडतो.

पत्रात 2029 लिहिलंय म्हणजे नोकरी 2029 पर्यंत पक्की?

नाही. हे पत्र सरकारला उद्देशून आहे, तुमच्याशी केलेला करार नाही. कंपनी मधेच काढू शकते. काढलं तर तिला ते इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं आणि तुम्हाला मायदेशी परतण्याचा रास्त प्रवासखर्च देऊ करावा लागतो. तुम्हाला सहसा 60 दिवसांपर्यंत, पण आय-94 ची, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या नोंदीची, मुदत आधी संपत असेल तर तिथपर्यंतच, दुसरी नोकरी किंवा दुसरी स्थिती शोधायला वेळ मिळतो.

पत्राची प्रत मी ठेवायची का?

हो, सही झालेल्या पत्राची, आय-129 ची आणि एलसीएची. एलसीएची प्रत कामाला सुरुवात होईपर्यंत तुम्हाला देणं कंपनीला बंधनकारकच आहे. बाकीच्या दोन काही कंपन्या देत नाहीत, तरी मागून बघा. मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत स्टॅम्पिंगला जाल तेव्हा खिडकीपलीकडचा अधिकारी पद, पगार आणि कामाबद्दल विचारेल, आणि त्याच्या समोर तोच अर्ज असेल. दोन वर्षांपूर्वी त्यात काय लिहिलं होतं, हे विमानात बसण्याआधी एकदा वाचून जा. पगार त्यानंतर वाढला असेल तर ताज्या तारखेचं, चालू पगाराचं छोटं नोकरी-पत्र एच.आर.कडून वेगळं घ्या आणि ते जुन्या पत्राच्या वर ठेवा.